सल्ला हवा: बिलं वाचणाऱ्या एआयचा पायलट झाला, आता पुढे जावं का?

मीनल_चाकण
नमस्कार मंडळी. आमची ऑटो पार्ट्सची डिस्ट्रिब्युशन कंपनी आहे, महिन्याला साधारण ६,००० खरेदी बिलं येतात, चार ऑपरेटर ती बघून सिस्टीममध्ये टाकतात. एका व्हेंडरने एआयने बिलं वाचायचा पायलट करून दाखवला, ३०० बिलं, म्हणे ९७ टक्के अ‍ॅक्युरसी. डायरेक्टर खूश. त्याला दोन महिने झाले आणि गाडी तिथेच अडलीये, कारण आता तो इंटिग्रेशनचे साडेचार लाख आणि वर प्रत्येक बिलामागे ३ रुपये मागतोय. बजेट पहिल्या वर्षी सगळं धरून ५ लाख. परतावा कसा मोजायचा आणि घ्यावं का? दुसरं काही चांगलं असेल तर तेही सांगा.

खटपट्या
ताई, व्हेंडरबिंडर सोडा, स्वतःचा सर्व्हर घ्या. आम्ही १२ लाखाचा जीपीयूवाला घेतला, ओपन सोर्स मॉडेल टाकलं, डेटा घरातल्या घरात. सुसाट पळतंय.

मीनल_चाकण
दादा, बजेट ५ आहे.

खटपट्या
एकदाच खर्च होतो हो.

पाटील_भोसरी
आमच्याकडे चेहरा ओळखणारी हजेरी लावली. पायलटला ऑफिसच्या एसीत २० जण उभे केले, मस्त चाललं. मग शॉपफ्लोअरला लावलं तर तोंडाला मास्क, डोक्यावर हेल्मेट, पहाटेच्या शिफ्टला अंधार, गेटवर लाईन लागली आणि चार दिवसांत परत अंगठा. मशीन अजून भिंतीवर आहे, त्यावर कॅलेंडर टांगलंय.

मीनल_चाकण
हजेरीचा विषय नाहीये पण 😄

हिशेबी_माणूस
विषय तोच आहे खरं तर. मीनलताई, ती ३०० बिलं कुणी निवडली? आणि चुकलेली कुणी दुरुस्त करत होतं? मी असे तीन पायलट बघितलेत, त्यातल्या एकात व्हेंडरचा पोरगा मागे बसून रात्री बिलं हाताने नीट करायचा आणि सकाळी रिपोर्ट हिरवागार.

दुसरं, ९७ टक्के कशाचे? बहुतेक एकेका रकान्याचे असतील. एका बिलात जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, रक्कम असे १० रकाने धरले तर सगळे बरोबर यायची शक्यता ०.९७ दहा वेळा गुणून येते, म्हणजे जेमतेम ७४ टक्के. शंभरात २६ बिलं माणसाने दुरुस्त करायची, आणि ती कोणती २६ हे आधी माहीत नसल्याने बघायची मात्र शंभरच.

डेटावाली
गुणाकार इतका सरळ नाही हो. चुका सगळीकडे सारख्या पसरत नाहीत, घाणेरड्या फोटोच्या एकाच बिलात पाच रकाने चुकतात. त्यामुळे कदाचित ८५ बिलं नीट येतील.

हिशेबी_माणूस
मान्य. पण तेच रकाना-रकाना न मोजता अख्खं बिल मोजा म्हणतोय. आकडा माझा नको, तुमचा नको, त्यांच्या ढिगातला हवा. ताई, गेल्या आठवड्याच्या ढिगातून न निवडता १०० बिलं काढा, व्हेंडरचा माणूस बाजूला बसवू नका, आणि ऑपरेटरच्या बाजूला मोबाईलचं स्टॉपवॉच लावा. आधी हाताने किती वेळ, मग टूलने किती वेळ. हे पायलटच्या आधी करायचं असतं, पण कुणी करत नाही, म्हणून नंतर फायदा कशाच्या तुलनेत तेच सांगता येत नाही.

ह्यूस्टनकर
इथलं एक सांगतो. एमडी अँडरसन कॅन्सर हॉस्पिटलने आयबीएमचं वॉटसन नावाचं एआय आणायला घेतलं होतं, ऑडिटमध्ये ६ कोटी २० लाख डॉलर खर्च निघाला आणि पेशंटसाठी ते कधी वापरलंच गेलं नाही. मजा म्हणजे मधल्या काळात हॉस्पिटलने रेकॉर्डची सिस्टीमच बदलली आणि वॉटसन नव्याशी जोडलेलं नव्हतं. तुम्ही अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर बदलणार आहात का?

मीनल_चाकण
अरे देवा. हो, एप्रिलमध्ये. व्हेंडरला हे सांगितलेलंच नाही कुणी.

ह्यूस्टनकर
मग साडेचार लाखांतलं बरंचसं इंटिग्रेशन पुन्हा नव्याने करावं लागेल.

खटपट्या
म्हणूनच म्हटलं, स्वतःचा सर्व्हर.

सदाशिव_पेठी
एमआयटीच्या रिपोर्टात आलंय की ९५ टक्के एआय पायलट फुकट जातात. दोन मुलं ठेवा टायपिंगला, विषय संपला.

डेटावाली
तो ९५ चा आकडा सगळीकडे फिरतोय, पण तो थोड्या मुलाखती, एक सर्व्हे आणि जाहीर झालेल्या प्रोजेक्टांवरून काढलेला आहे. त्यावर मीनलच्या बिलांचा निर्णय कसा होणार?

सदाशिव_पेठी
एमआयटीपेक्षा जास्त कळतं वाटतं.

(यापुढचे नऊ प्रतिसाद एमआयटीवर आहेत, ते सोडून वाचा. — हिशेबी_माणूस)

मीनल_चाकण
केलं हो स्टॉपवॉच! हाताने एका बिलाला ४ मिनिटं. टूलने १०० पैकी ६० बिलं अख्खी बरोबर, पण ती बरोबर आहेत हे बघायलाच ४० सेकंद जातात. उरलेल्या ४० ना प्रत्येकी साडेतीन मिनिटं, कारण आधी चूक शोधा मग सुधारा. आणि ती ३०० पाच मोठ्या सप्लायरची स्वच्छ पीडीएफ होती, व्हेंडरनेच मागून घेतलेली.

हिशेबी_माणूस
आता बघा. हाताने महिन्याला ४०० तास. टूलने ३,६०० बिलांचे ४० तास आणि २,४०० बिलांचे १४०, एकूण १८०. वाचले २२० तास. ऑपरेटर तासाला सव्वाशेला पडत असेल तर २७,५०० रुपये. त्यातून बिलामागचे ३ रुपये म्हणजे १८,००० गेले, हातात ९,५००. साडेचार लाख वसूल व्हायला जवळपास चार वर्षं. तेही ते २२० तास खरोखर कुठेतरी वापरले गेले तर. चारही जण तिथेच बसून पगार घेणार असतील तर वाचलेला तास कागदावरच राहतो, उलट खर्च वाढतो.

सीए_काकू
सगळे एआय एआय करताय, कुणी हे विचारलं का की यातली ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेली बिलं, किती? ५ कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्या सप्लायरला ऑगस्ट २०२३ पासून ते सक्तीचं आहे. बिलावरच्या क्यूआरमध्ये दोघांचे जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, रक्कम सगळं असतं, आणि आलेल्या बिलांची जेसन फाइल पोर्टलवरून उतरवता येते. तिथे वाचायला एआय कशाला? छापील आकडा ओळखायचा प्रश्नच येत नाही. आणि हो, जीएसटी नंबरचं एक अक्षर चुकलं तर जीएसटी पोर्टलवरच्या २बी यादीशी जुळत नाही, खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट लटकतं. तुमच्या गुणाकारात ते कुठे आहे?

हिशेबी_माणूस
नाहीये काकू. चुकलं.

पाटील_भोसरी
वाचनखूण साठवली. काकूंना सलाम.

मीनल_चाकण
काकू, मोजलं. ३,३०० ई-इनव्हॉइस निघाली, म्हणजे व्हेंडरची ती नीट वाचलेली बिलं बहुतेक हीच. उरली २,७००, छोट्या सप्लायरची, थर्मल कागद, व्हॉट्सअ‍ॅप फोटो, दोघंतिघं अजून हाताने लिहितात.

सीए_काकू
मग झालं. जेसन घ्या, उरलेलं हाताने करा.

हिशेबी_माणूस
+१. व्हेंडरला नमस्कार करा.

सदाशिव_पेठी
मी हेच सांगत होतो.

मीनल_चाकण
सगळ्यांचे आभार, पण मी वेगळंच करतेय, रागावू नका. ३,३०० साठी जेसन घेतोय. उरलेल्या २,७०० साठी व्हेंडरला तीन महिने ठेवतेय, इंटिग्रेशन शून्य, एक्सेलमध्ये देईल आणि आम्ही इम्पोर्ट करू. महिन्याला ८,१००. कारण एक ऑपरेटर बाळंतपणाच्या रजेवर जातेय आणि तिच्या जागी आता कुणी मिळत नाहीये. दर शुक्रवारी २० बिलं चिठ्ठ्या टाकून काढणार, स्टॉपवॉच लावणार, अख्खी बरोबर किती ते भिंतीवर लिहिणार. निम्मी तरी हात न लावता गेली नाहीत तर बंद, हे व्हेंडरकडून लिहून घेतलंय.

हिशेबी_माणूस
ही वाईट बिलं आहेत ताई, निम्मी जाणार नाहीत. ६० चा आकडा सगळी मिळून होता.

मीनल_चाकण
माहितीये. बघू.

खटपट्या
सर्व्हर विकायचा आहे कुणाला हवा असल्यास, वर्षभर वापरलेला. व्यनि करा.