मैत्रिणीच्या बाळाची मावशी झालेय, कॅप्शन सुचवा ना!

सायली_२१: माझ्या जिवलग मैत्रिणीला मुलगी झाली! बाळ माझ्या हातात देताना ती बाळाला म्हणाली, "ही बघ तुझी मावशी." मला इतका आनंद झालाय की सांगता सोय नाही. इन्स्टाग्रामवर फोटो टाकायचाय, त्यात बाळाने माझं बोट मुठीत धरलंय. मी लिहिलंय ते असं:

"रक्ताचं नातं नसलं तरी आज मी मावशी झाले. आयुष्यातला सर्वात सुंदर दिवस. स्वागत आहे राजकुमारी!"

पण हे कुणीही कुणाच्याही बाळाला लिहील असं वाटतंय. मदत करा.

शब्दवेडी: अभिनंदन मावशी! "नसलं तरी"ने सुरुवात नको. एवढ्या आनंदाच्या बातमीत आधी काय नाही ते कशाला सांगायचं? तिने तुला निवडलं, ते लिही. आणि कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं दाबून उघडावं लागतं, म्हणून बातमी वरच येऊ दे. "राजकुमारी" काढ, तुझ्या फोटोत मूठ आहे, तीच घे:

"तुझ्या आईने आधी मला मैत्रीण म्हणून निवडलं, आता तुझी मावशी म्हणून. बोट धरलंयस ना? धरून ठेव."

मनोज_क: छान आहे. पण बाळाचं नाव, वजन, जन्मवेळ पण टाका. पुढे वाचायला मजा येते.

शब्दवेडी: मजा येते खरी, पण ते वहीत लिहून ठेवावं. नाव आणि जन्मवेळ जाहीर करायचा पहिला मान आई-बाबांचा. सायली, फोटोत बाळाच्या मनगटावर दवाखान्याची पट्टी दिसतेय का बघ. तिच्यावर बहुतेक वेळा आईचं नाव आणि तारीख असते. दिसत असेल तर फोटो कापून घे.

रेवा_ताई: नाव दोन अक्षरीच ठेवा, हाक मारायला सोपं पडतं.

सायली_२१: रेवाताई, नाव आई-बाबा ठरवतायत, मला फक्त कॅप्शन हवंय :)

अनघा_म: माझं वेगळंच सांगते. मी सख्खी मावशी. भाची झाली तेव्हा बहिणीच्या मैत्रिणीने "बाळाची पहिली मावशी" असं लिहिलं होतं. तिचं प्रेम खरं होतं, आजही ती भाचीसाठी धावून येते, पण तेव्हा मला लागलं. "पहिली", "लाडकी" असलं काही लिहू नकोस.

मनोज_क: एवढं काय मनावर घ्यायचं? प्रेमाने लिहितात लोक.

अनघा_म: प्रेमानेच लिहिलं होतं, म्हणून तर तेव्हा बोलताही आलं नाही.

सायली_२१: पट्टी दिसत होती! कापली. मैत्रिणीला शब्दवेडीचं कॅप्शन पाठवलं, ती वाचून रडली आणि म्हणाली, आम्ही फोटो टाकला की मग तू टाक. तिलाही एक धाकटी बहीण आहे, कालपासून बाळाजवळून हललेली नाही. शेवटी "आम्ही दोघी मावश्या तयार आहोत" असं लिहून तिला टॅग करू, की ते तिचं तिला लिहू द्यावं?