मदत हवी आहे: ६० लाख आणि महिना ४० हजार, एसडब्ल्यूपीचे पैसे नक्की किती वर्षे पुरतील?

मुक्ता_नाशिक

नमस्कार मंडळी. बाबा मे महिन्यात अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांचं वय ६०, आईचं ५६. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि जुन्या एफडी मिळून ६० लाख हातात आहेत. घर स्वतःचं आहे, इंदिरानगरला. पेन्शन साडेतीन हजारांच्या आसपास बसते, ती मेडिक्लेमच्या हप्त्यासाठी बाजूला ठेवायची असं ठरलंय. बाकी घरखर्च महिना ४० हजार.

ओळखीच्या एका म्युच्युअल फंड वितरकाने एक छापील कागद दिलाय. ६० लाख हायब्रिड फंडात ठेवा, महिना ४० हजारांची एसडब्ल्यूपी लावा, म्हणजे दर महिन्याला तेवढे फंडातून काढायचे, परतावा ९ टक्के धरा. पैसे कधीच संपत नाहीत, उलट २५ वर्षांनी १ कोटी १६ लाख शिल्लक. बाबा खूश आहेत. तो कागद त्यांनी पासबुकात घडी घालून ठेवलाय, आल्यागेल्याला दाखवतात.

मला शंका आली म्हणून स्वतः एक्सेलमध्ये करून पाहिलं:

```
=NPER(9%/12,-40000,6000000)
```

उत्तराऐवजी `#NUM!` येतंय. चिन्हं उलटी करून पाहिली, तरी तेच. माझं सूत्र चुकतंय की खरंच पैसे संपत नाहीत? पुढच्या आठवड्यात सह्या करायच्या आहेत. कृपया कोणीतरी नीट समजावा.

सातपूरकर

ताई, सूत्र बरोबर आहे. ६० लाखांवर महिन्याला पाऊण टक्का म्हणजे ४५ हजार. तुम्ही काढणार ४०. मुद्दलाला हातच लागत नाही, मग एक्सेल महिने मोजणार कुठून? म्हणून ती एरर. वितरकाचा कागदही बरोबर आहे. निर्धास्त सही करा.

निफाडची_बाग

माझापण असाच प्रश्न आहे. पिंपळगावजवळची दीड एकर जमीन विकली, ४० लाख आले. एसडब्ल्यूपी म्हणजे दर महिन्याला पैसे टाकायचे ना? मला टाकायला जमणार नाही, आमच्याकडे पैसा वर्षातून एकदाच येतो, तोही माल गेला तर. मग माझ्यासाठी कोणती बरी?

सातपूरकर

दादा, टाकायची ती एसआयपी. इथे काढायची गोष्ट चालू आहे. तुम्ही वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

आकडेमोड

सातपूरकरांनी एररचं कारण अगदी बरोबर सांगितलं. पण त्यावरून "निर्धास्त सही करा" म्हणणं मला पटत नाही. त्या कागदात एक गोष्ट गृहीत धरली आहे आणि ती कुठेही लिहिलेली नाही: मुक्ताच्या आईबाबांचा खर्च २५ वर्षांनीही ४० हजारच असेल.

महागाई ६ टक्के धरा. आजचे ४० हजार दहा वर्षांनी ७१,६०० होतात, पंधरा वर्षांनी जवळपास ९६ हजार. तेव्हा एसडब्ल्यूपीची रक्कम दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढवत नेली तर काय होतं ते पाहू. परतावा तोच ९ टक्के, दरवर्षी न चुकता. मी वर्षावर्षाची शीट केली. पैसे साधारण १६ वर्षांत संपतात. म्हणजे बाबा ७६ चे, आई ७२ ची.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे मधली वर्षं. पहिल्या वर्षाअखेर शिल्लक ६० लाख ४० हजार. दुसऱ्या वर्षी किंचित वाढून साडेसाठ. पाचव्या वर्षाच्या शेवटी जवळपास ५९ लाख. पाच वर्षं खर्च भागला आणि मुद्दल तसंच, असं वाटून माणूस गाफील होतो, एखाद्या लग्नाला चार-पाच लाख सहज काढून देतो. प्रत्यक्षात तोवर उतार लागलेला असतो. दहाव्या वर्षी ४६ लाख उरतात आणि तेव्हा वर्षाचा खर्चच साडेआठ लाखांच्या पुढे गेलेला असतो.

एका ओळीत पाहायचं तर असं लिहा:

```
=NPER((1.09/1.06)^(1/12)-1,-40000,6000000)/12
```

याचं उत्तर १५.४ येईल. माझ्या शीटमध्ये रक्कम वर्षातून एकदा वाढते, या सूत्रात दर महिन्याला थोडी थोडी, म्हणून सहा-सात महिन्यांचा फरक. ९ च्या जागी ७ घालून बघा, काय होतं ते.

मुक्ता_नाशिक

आकडेमोड, मनापासून आभार. ७ घातले तर १३.३ आलं. आई शेजारीच बसली होती. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे माझ्या सत्तरीत?" मला काही बोलता आलं नाही.

पण एक प्रश्न. आम्ही दरवर्षी रक्कम वाढवलीच नाही तर? वाढवणं आपल्याच हातात आहे ना?

सातपूरकर

तेच म्हणतोय मी. वाढवायची सक्ती नाही. काटकसर करायची. आमच्या पिढीने कमी पैशात संसार केलेत.

आकडेमोड

सक्ती फंडाची नाही, किराण्याची आहे. रक्कम तशीच ठेवली तर फंडातले पैसे टिकतील, पण बारा वर्षांनी ते ४० हजार आजच्या २० हजारांइतकेच असतील. तेवढ्यात तुमचं घर चालत असेल तर आजच २० हजारांत चालवून बघा. ऐन सत्तरीत काटकसर सुरू करण्यापेक्षा ते बरं.

देवळाली_रोड

मी माझा अनुभव सांगते. माझ्या यजमानांनी जानेवारी २०२० मध्ये एसडब्ल्यूपी सुरू केली, तीही पूर्ण इक्विटी फंडातून. मार्चमध्ये बाजार कोसळला, निफ्टी जानेवारीच्या उंचीवरून सुमारे ३८ टक्के खाली. पैसे मात्र ठरल्या तारखेला खात्यात येतच होते, म्हणून सुरुवातीला आमच्या लक्षातच आलं नाही. मग स्टेटमेंट उघडलं तर दर महिन्याला विकल्या जाणाऱ्या युनिटचा आकडा वाढत चाललेला. आम्ही घाबरून एप्रिलमध्ये सगळं बंद केलं आणि एफडीत टाकलं. पुढे बाजार वर आला, आमचे पैसे खालीच राहिले. कृपया सगळं एका इक्विटी फंडात ठेवू नका.

आकडेमोड

ताईंनी फार मोलाचं सांगितलं, कारण माझ्या शीटमध्ये हेच दिसत नाही. शीटला वाटतं दरवर्षी ९ टक्के मिळतात. बाजार तसा वागत नाही.

एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, ५० रुपये असताना ४० हजारांसाठी ८०० युनिट विकली जातात. ती ४० वर आली की त्याच ४० हजारांसाठी १,००० युनिट. जास्तीची २०० युनिट कायमची गेली. पुढे बाजार दुप्पट झाला तरी ती परत येत नाहीत. त्यामुळे वाईट वर्ष किती वाईट आहे याच्या जोडीला ते कधी येतं यालाही महत्त्व आहे.

मुक्ताचेच आकडे घेऊ. समजा फक्त एका वर्षी उणे २० टक्के झाले आणि बाकी सगळी वर्षं ९ टक्के. ते वाईट वर्ष अकरावं असेल तर पैसे साधारण साडेचौदा वर्षं पुरतात. तेच वर्ष पहिलं असेल तर ११ वर्षांच्या थोडं पुढे सगळं संपतं. घसरण तेवढीच, पण तीन वर्षांहून जास्त फरक. निफाडच्या दादांना हे पटेल. बाग लावल्याबरोबर पहिल्याच वर्षी मोठा फटका बसला तर पुढची चांगली वर्षं तो खड्डा भरत बसतात.

स्वतःचं कसं चाललंय हे ओळखायला सोपी खूण आहे. स्टेटमेंटमध्ये शिल्लक रुपयांऐवजी शिल्लक युनिट बघा आणि त्यांना गेल्या महिन्यात विकलेल्या युनिटने भागा. येतात तेवढे महिने तुमच्याकडे आहेत, असं ढोबळपणे समजा. एनएव्ही वाढली तर ते लांबतात, तुम्ही रक्कम वाढवली तर आखडतात. हा आकडा वर्षामागून वर्ष बारापेक्षा जास्त महिन्यांनी घटत असेल तर धोका आहे.

निफाडची_बाग

पटलं. आमच्याकडे अवकाळी छाटणीनंतर लगेच आला की वर्ष गेलंच. उशिरा आला तर निदान थोडा माल निघतो.

काका_पंचवटी

एवढा त्रास कशाला? पोस्टात जा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख ठेवा, ८.२ टक्के दराने दर तिमाहीला ६१,५०० मिळतात, महिन्याला साडेवीस हजार पडले. दर पाच वर्षं बांधलेला. उरलेले १९,५०० एसडब्ल्यूपीतून. बाजार पडला तरी निम्मं घर चालतं. मी तेच करतोय, रात्री झोप लागते.

आकडेमोड

काका, झोप लागते हे मान्य, आणि पहिल्या पाच वर्षांत घसरण आली तर तुमची रचना नक्कीच जास्त सुरक्षित. पण पोस्टाचे साडेवीस हजार वाढत नाहीत. खर्च ४० वरून ४२,४०० झाला की वाढीचे सगळे २,४०० एसडब्ल्यूपीवर येतात. म्हणजे ती १९,५०० वरून एकदम २१,९००, सव्वाबारा टक्के वाढ. ९ आणि ६ धरून केलं तर फंडातले ३० लाख बारा वर्षं आणि चार-पाच महिन्यांत संपतात. पोस्टाचे ३० लाख तेव्हा शाबूत असतील, तेही पाच वर्षांनी तोच दर मिळत राहिला तर. पण त्या वेळच्या खर्चाला ते तीन वर्षांच्या आसपास पुरतील. एकूण काळ फारसा वाढत नाही. धक्का कमी बसतो, हा खरा फायदा.

काका_पंचवटी

बारा वर्षांनंतरचं कोणी पाहिलंय? वय वाढलं की खाणंपिणं, फिरणं सगळं कमी होतं. ६ टक्के वाढ ही तुमची कागदावरची.

देवळाली_रोड

काका, फिरणं कमी होतं, पण दवाखाना वाढतो. माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या चार वर्षांत फक्त दिवसभराच्या बाईचा पगारच घरखर्चाएवढा होता.

मुक्ता_नाशिक

दोन्ही बाजू पटतायत, त्यामुळे हे कसं मोजायचं कळत नाही. मग उलटं विचारते. आईचा विचार करून पैसे ३० वर्षं पुरवायचे असतील तर किती काढता येतील?

आकडेमोड

९ टक्के परतावा आणि ६ टक्के वाढ धरली तर आज महिना २५ हजारांच्या थोडं पुढे. परतावा ७ धरला तर २० हजारांच्याही किंचित खाली. ४० हजार त्यात बसत नाहीत, कितीही रचना बदलली तरी. कर आणि एक्झिट लोड मी यात धरलेला नाही. बऱ्याच फंडांत पहिल्या वर्षात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त काढलं तर एक टक्का कापतात, ते सहीआधी त्या योजनेच्या कागदपत्रात बघा. कराबद्दल सीएंना विचारा, कारण फंडात इक्विटी किती यावर ते ठरतं.

सातपूरकर

मी माझी एसडब्ल्यूपी आज पुन्हा उघडून पाहिली. तीन वर्षं झाली, रक्कम तीच आहे. वाढवायची कधी वेळ आली नाही कारण पोरगा पैसे पाठवतो. ते मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं. ताई, माझा "निर्धास्त" मागे घेतो.

मुक्ता_नाशिक

सगळ्यांचे आभार. काल रात्री बाबांना शीट दाखवली. त्यांनी चष्मा लावून महागाईच्या रकान्यात स्वतः आधी ६, मग ५, मग ४ घालून पाहिलं. ४ ला पैसे २० वर्षांच्या जवळ जातात म्हणून जरा हसले, मग स्वतःच पुन्हा ६ केलं. सही पुढे ढकलली आहे. त्यांच्या जुन्या कारखान्यात कंत्राटावर दोन वर्षं बोलावतायत, महिना २५ हजार देतो म्हणतात. तेवढे आले तर त्या दोन वर्षांत फंडातून फक्त १५ हजारांच्या आसपास काढावे लागतील.

आकडेमोड, शीटमध्ये पहिली दोन वर्षं कमी रक्कम आणि तिसऱ्या वर्षापासून पूर्ण रक्कम असं कसं घालायचं, तेवढं सांगाल का? बाबा विचारतायत.