मदत हवी आहे: सासूबाईंचं बीपी चार वेळा मोजलं, चार वेगळे आकडे. खरा कुठला?

पडवीतली
आम्ही गुहागरजवळच्या एका वाडीत राहतो. सासूबाई ६७ वर्षांच्या, आजवर बीपीची गोळी नाही. गणपतीत नणंदेने डिजिटल मशीन आणून दिलं. आज संध्याकाळी सहज लावलं तर १७२/९६. घाबरून लगेच परत लावलं, १६४/९२. मग १५८/९०. हे घरी आल्यावर त्यांनी लावलं तर पुन्हा १६६/९४. सासूबाई म्हणतात, मला काही होत नाहीये, उगाच यंत्रं लावू नका. छातीत दुखणं, धाप, चक्कर खरंच काही नाही. चिपळूणला न्यायचं तर गाडी करून अख्खा दिवस जातो. आज रात्रीच निघावं का थांबलं तर चालेल? आणि चारांतला कुठला आकडा धरायचा?

हापूसवाला
एका आकड्यावर पळत सुटू नका. आमचे जुने डॉक्टर सांगायचे, वयात शंभर मिळवा. ६७ म्हणजे १६७पर्यंत ठीक. फारच चढलं तर जिभेखाली ठेवायची गोळी मिळते, आमच्या डब्यात कायम असते.

निवृत्त_सिस्टर
पडवीतली, तुम्ही लिहिलेली लक्षणं नाहीत ना, मग आज रात्री निघायची गरज नाही. पण मोजलं कसं ते सांगा. कुठे बसवलं होतं, हात कुठे होता, आधी काय खाल्लं-प्यायलं, त्या बोलत होत्या का? आणि शिवणाची टेप घेऊन दंडाचा मधला घेर मोजा. पट्ट्यावर आकडे छापलेले असतात, तेही बघून लिहा.

हापूसवाले दादा, पळत सुटू नका हे बरोबर. वयात शंभर मिळवायचा हिशेब मात्र सोडून द्या, त्या हिशेबाने कित्येकांचं बीपी वर्षानुवर्षं तसंच राहिलं. आणि जिभेखालची गोळी घरच्या घरी अजिबात नको. बीपी झपकन खाली आलं तर मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडतं. चढलेल्या बीपीपेक्षा ते महागात पडतं.

पडवीतली
झोपाळ्यावर बसल्या होत्या 🙈 हात मांडीवर. चहा नुकताच झालेला. शेजारच्या काकू आल्या होत्या, गप्पा चालूच. पट्टा झंपरच्या बाहीवरूनच लावला. दंडाचा घेर ३५ सेंमी, पट्ट्यावर २२–३२ लिहिलंय.

मालवणी_मानूस
माका वाटता मशीनच बिघडलेला आसा.
आमच्या वडिलांचं उलटं आहे. दोन गोळ्या चालू, मोजलं की १२८/७६. पण सकाळी खाटेवरून उठले की डोळ्यांपुढे अंधारी. डॉक्टरांना दाखवायचं का, का आकडा चांगला आहे म्हणून गप्प बसायचं?

निवृत्त_सिस्टर
मशीन बिघडलं असेलच असं नाही, झोपाळाच पुरे आहे! पाय लोंबकळत, पाठीला आधार नाही, तोंड चालू, पोटात चहा. हात मांडीवर म्हणजे काळजाच्या पातळीच्या खाली, त्यानेही आकडा वर जातो. त्यात ३५च्या दंडाला ३२पर्यंतचा पट्टा. तोकडा पट्टा दंड जास्त आवळतो आणि आकडा फुगवून दाखवतो. म्हणून चारांतला एकही आकडा धरू नका, पण बीपी नाहीच असंही समजू नका.

२२ ते ४२ असा मोठा पट्टा मिळतो, तुमच्या मशीनच्या कंपनीचाच मागवा. मग पाठ टेकता येईल अशी खुर्ची, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नको. हात टेबलावर, खाली उशी, म्हणजे पट्टा छातीच्या उंचीला येईल. पट्टा उघड्या दंडाला. त्याआधी अर्धा तास चहा नको, मिश्री नको, लघवीला जाऊन यावं आणि पाच मिनिटं नुसतं गप्प बसावं. सकाळी न्याहारीआधी दोन वेळा, मध्ये एक मिनिट सोडून, आणि रात्री तसंच दोन वेळा. सात दिवस. सगळे आकडे वहीत, नकोसे वाटले तरी खोडायचे नाहीत. पहिल्या दिवसाचे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. दवाखान्यात हीच रेषा १४०/९० धरतात, तिथे माणूस थोडा धास्तावलेला असतो.

मधल्या काळात शांत बसूनही वरचा १८० किंवा खालचा १२० दिसला तर पाच मिनिटांनी परत बघा. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आणि छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, अचानक नजर जाणं, कधी नव्हे असं डोकं ठणकणं, यातलं काहीही झालं तर मशीन बाजूला ठेवा आणि १०८ला फोन करा. तेव्हा आकडा १४० दिसला तरी थांबू नका.

मालवणी दादा, वडिलांना जरूर दाखवा. आधी बसवून मोजा, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी मोजा, कोणीतरी जवळ राहा. वरचा आकडा २० किंवा जास्त घसरला तर ते लिहून न्या. गोळी स्वतःहून बंद करू नका.

समुद्रकिनारी
मनगटाचं मशीन चांगलं का? ऑफरमध्ये आहे.

निवृत्त_सिस्टर
मनगट जरा खालीवर झालं की आकडा बदलतो. दंडाचंच घ्या.

पडवीतली
सिस्टर, आठवडा झाला. पट्टा चौथ्या दिवशी आला असता, पण हे चिपळूणला गेले होते, तिथूनच आणला म्हणून पहिल्या दिवसापासून मोठाच वापरला. पहिल्या दिवसाची सरासरी १५६/९२ आली, ती सोडली. पुढचे दिवस असे: १४८/८८, १४६/८६, १४१/८४, १४५/८६, १३९/८२, १४५/८४. सगळ्यांची मिळून १४४/८५. म्हणजे १७२ तर नाही, पण तुमच्या रेषेच्या वर आहेच.

दोन गोष्टी अजून. पाच वेळा मशीनवर हृदयाचं वाकडंतिकडं चित्र लुकलुकलं. आणि सासूबाई गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी घेतात, मेडिकलमधून, जवळपास रोज. मला आत्ता कळलं.

निवृत्त_सिस्टर
वही छान ठेवलीत. घाईची गोष्ट नाही, पण या आठवड्यात दाखवाच. गुडघ्याच्या त्या गोळ्यांनी बीपी चढतं आणि मूत्रपिंडावरही ताण येतो, म्हणून गोळीचं पाकीट सोबत न्या. आधी ती गोळी थांबवून बघायचं का बीपीची सुरू करायची, हे डॉक्टर ठरवतील.

ते चित्र म्हणजे ठोके अनियमित वाटले, एवढंच मशीन सांगतं. हात हलला तरी येतं. पण पाचदा आलंय, तेव्हा ईसीजी काढून घ्या. ठोके खरंच अनियमित असतील तर या मशीनचे आकडेही कमी भरवशाचे होतात. तोवर मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा, ताल चुकतोय का बघा.

हापूसवाला
मी काल आमच्या सौंचं खुर्चीत बसवून मोजलं. १५२. वयात शंभरच्या हिशेबाने पास आहे, पण आता विश्वास बसेना.

पडवीतली
दादा, वही घाला. सिस्टर, नाडी मोजली, ८२. मधेच एखादा ठोका गळल्यासारखा वाटतो, पण ह्यांना तसं वाटलं नाही. बुधवारची गाडी सांगितली आहे. सुकट आणि खारातल्या कैऱ्या बंद म्हटल्यावर सासूबाई माझ्याशी बोलत नाहीयेत, त्यामुळे मोजताना आता आपोआपच शांतता असते.