पगार बुडाला, त्यात बापाची तृष्णा कुठे?

अक्कलकोट रोड
आमच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू आहे. परवा प्रतीत्यसमुत्पाद झाला, म्हणजे दुःख कशातून कसं उपजतं त्याची साखळी. अविद्येपासून सुरू होणाऱ्या बारा कड्या, मधे वेदनेतून, म्हणजे जे काही सुखाचं-दुःखाचं जाणवतं त्यातून तृष्णा, तृष्णेतून उपादान म्हणजे धरून ठेवणं, आणि शेवटी जरामरण, शोक, दुःख. माझे वडील आयुष्यभर मागावर उभे राहिले. आता कानाला नीट ऐकू येत नाही, गुडघे गेलेत, आणि मालकानं फंडाचे पैसे कधी भरलेच नाहीत. या दुःखाचं मूळ माझ्या वडिलांच्या तृष्णेत आहे असं म्हणायचं का? आणि ही साखळी तुटते म्हणतात, ती नेमकी कुठे?

बुधवार पेठ
जय भीम दादा. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत हीच शंका काढली आहे. चार आर्यसत्यं मूळ शिकवणीतली की भिक्खूंनी मागाहून घातलेली, असं त्यांनी विचारलं, कारण जगणंच दुःख ठरलं तर माणसाला आशा कसली? बारा कड्यांचंही तसंच. मागचा जन्म, हा जन्म, पुढचा जन्म असे तीन भाग पाडून साखळी बसवतात आणि मालक अलगद सुटतो. तुमच्या वडिलांचे पैसे मालकानं खाल्ले, तर तृष्णा मालकाची. बाबासाहेबांनी तृष्णेचा विषय बाजूला ठेवला, आपणही ठेवावा. कामगाराला साखळी नको, संघटना पाहिजे.

जुळे सोलापूर
बाजूला ठेवून चालणार नाही. मी नियमित साधनेला बसतो, म्हणून सांगतो. साखळी तुटण्याची जागा एकच, वेदना आणि तृष्णा यांच्या मधली. शरीरावर जे जाणवतं ते नुसतं बघायचं, हवं-नको करायचं नाही. सुत्तात दोन बाणांची गोष्ट आहे. पहिला बाण अंगाला लागतो, तो कुणालाच चुकत नाही. दुसरा आपण मनाला मारून घेतो. काकांचे गुडघे दुखतात हा पहिला बाण. 'माझ्याच वाट्याला का' हा दुसरा. तो थांबवला की झालं, मग मालक कोण आणि फंड किती हा प्रश्नच उरत नाही.

विडी घरकुल
मला यातलं फार कळत नाही, पण विचारते. मी घरी विड्या वळते. ठेकेदार रोज मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढतो आणि त्याचे पैसे देत नाही. पाठ दुखते तरी बसते, कारण मुलीला नर्सिंगला घालायचंय. आता ही पण तृष्णाच झाली की. तुम्ही म्हणताय तसं सगळं हवंपण सोडलं तर मुलगीही माझ्याशेजारी विड्या वळत बसेल. मग हा धम्म आम्हा बायकांच्या काय कामाचा?

होटगी रोड
मी शाळेत शिक्षक होतो, निवृत्तीनंतर पाली वाचतो. आधी वडिलांच्या कानाचं सांगतो. राजगृहात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकानं बुद्धांना विचारलं होतं, माणूस जे जे भोगतो ते सगळं मागच्या कर्मानंच भोगतो, असं काही जण म्हणतात, तुमचं म्हणणं काय? बुद्धांनी पित्त, कफ, वात, ऋतूचा बदल, शरीराची हेळसांड, दुसऱ्याकडून झालेला मार अशी एकेक कारणं सांगितली. कर्माचं फळ हे त्या यादीतलं फक्त एक. बाकी सगळं कर्मावर ढकलणारे लोक स्वतः जाणलेलं आणि जगाला ठाऊक असलेलं, दोन्ही ओलांडून बोलतात, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. मागाच्या आवाजानं कान गेले, तर कारण मागाचा आवाज. त्यासाठी वडिलांच्या मनात तृष्णा शोधायची गरज नाही.

आता बुधवार पेठच्या दादांना. प्रस्तावनेतली शंका तुम्ही बरोबर सांगितली. पण त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात तृष्णात्याग म्हणजे धम्म असं वेगळं प्रकरण आहे. लोभ आणि तृष्णा निंद्य का, याचं उत्तर देताना बाबासाहेब बुद्ध-आनंद संवादातलाच उतारा घेतात, आणि वर्गकलहाचं हे अचूक विश्लेषण आहे यात शंका नाही असं लिहितात. त्यांनी विषय बाजूला ठेवला नाही, उलट सर्वांत धारदार ठिकाणी वापरला.

तो संवाद दीघनिकायातल्या महानिदान सुत्तात आहे. आनंद म्हणतात, प्रतीत्यसमुत्पाद गंभीर म्हणतात, पण मला तर अगदी उघड दिसतो. बुद्ध त्यांना थांबवतात. हे न कळल्यामुळेच लोक सुताच्या गुंत्यासारखे अडकले आहेत, असं म्हणतात. या सुत्तात बारा कड्या नाहीतच. अविद्या आणि संस्कार इथे येत नाहीत, सळायतन म्हणजे सहा इंद्रियांची कडीही नाही. मात्र तृष्णेपाशी एक फाटा फुटतो, आणि तो विहारात सहसा कुणी वाचून दाखवत नाही.

समजा, एका घरात चार माग आहेत. बाप गेला, दोघे भाऊ मिळून चालवतात. थोरल्याला स्वतःच्या ओळखीवर टॉवेलची मोठी ऑर्डर मिळते. पैसे हातात येतात, बरं वाटतं. इथपर्यंत काही बिघडलेलं नाही, ती वेदना आहे आणि सुखाची आहे. ते बरं वाटणं पुन्हा हवं झालं की तृष्णा. मग तो आणखी ऑर्डरी शोधतो. शोधलं की मिळतं. मिळालं की तो मनातल्या मनात ठरवतो, एवढं माझ्या खटपटीचं आणि एवढं घरचं. मला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण अजून भांडण कुठेच नाही, बाहेरून फक्त हिशेब दिसतो. ठरवलेल्या वाट्यावर जीव जडतो. जीव जडला की तो मुठीत धरतो. मग धाकट्याच्या पोराची फी भरायचीही त्याला जड जाते. त्यापुढे राखण. सुताच्या खोलीला वेगळं कुलूप लागतं, वही कपाटात जाते. एक दिवस धाकटा विचारतो, कुलूप कशाला? आणि सुत्त म्हणतं तसं काठी उगारणं, हत्यार उचलणं, अरे-तुरे, चहाडी, खोटं बोलणं सुरू होतं. बुद्ध मग उलटं विचारतात. राखणच नसती तर हे झालं असतं का? मुठीत धरलंच नसतं तर राखण लागली असती का? असं मागे मागे तृष्णेपर्यंत.

आता भावांच्या जागी मालक आणि कामगार ठेवा. 'एवढं माझं' हा हिशेब कुणी ठरवला आणि कुलूप कुणी लावलं, ते आपोआप दिसतं. दुःख एकाच्या अंगावर पडतं आणि ते चालू ठेवणारी तृष्णा दुसऱ्याची असते, एवढी जागा या फाट्यात आहे.

बुधवार पेठ
सर, तिसऱ्या खंडातलं ते प्रकरण पुन्हा काढून वाचलं, वर्गकलहाचं वाक्य आहे. मग माझं म्हणणं आणखी पक्कं झालं. माझ्या माहितीतल्या एका शेडमध्ये वीसपेक्षा जास्त माणसं राबतात. फंडाचा कायदा साधारणपणे वीस कामगारांपासून लागू होतो, म्हणून कागदावर तीच शेड दोन नावांनी दाखवली आहे. हे तुमचं राखण आणि कुलूप. पण ते कुलूप मालक ध्यानाला बसून उघडणार आहे का? कायद्यानंच उघडेल. जन्मांची साखळी तर मला अजूनही मान्य नाही.

होटगी रोड
तीन जन्मांची मांडणी बुद्धघोषाच्या विशुद्धिमग्गात सविस्तर येते. थायलंडचे भिक्खू बुद्धदास यांनी ती नाकारली आणि साखळी याच जन्मात, क्षणोक्षणी फिरते असं मांडलं. सुत्तात जन्म आणि म्हातारपणाची व्याख्या मात्र सरळ शरीराची आहे, केस पिकणं, दात पडणं, म्हणून बुद्धदासांचं सगळं माझ्या गळी उतरत नाही. त्यावर वाद राहू द्या.

कायद्याबद्दल तुमच्याशी सहमत. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजा गरिबांना धन देत नाही, त्यातून दारिद्र्य वाढतं, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रं, शस्त्रांतून हत्या. तिथे सुरुवात राज्यकर्त्याच्या न देण्यापासून आहे. चोराला मनाची समता शिकवा असं तिथे म्हटलेलं नाही.

जुळे सोलापूर
सर, हे सगळं बाहेरचं झालं. आतली तृष्णा राहिली तर फंड मिळूनही माणूस दुःखीच राहतो. दोन बाणांचं मी चुकीचं सांगितलं का?

होटगी रोड
गोष्ट बरोबर, पण तिचा मधला भाग तुम्ही सोडला. त्याच सुत्तात आहे की दुःखाचा स्पर्श झालेला अज्ञानी माणूस इंद्रियसुखाकडे धावतो, कारण त्या सुखाखेरीज दुःखातून सुटण्याची दुसरी वाट त्याला माहीत नसते. पाळी संपवून, पाय भरून आलेला माणूस सरळ गुत्त्यावर जातो, ते यामुळे. तेव्हा अविद्या साखळीच्या टोकाला बसलेली नाही, वेदनेच्या क्षणी तिथेच काम करते. नुसतं बघत बसून ही वाट माहीत होत नाही. म्हणून 'मग मालक कोण हा प्रश्नच उरत नाही' हे तुमचं वाक्य मला पटत नाही. कशामुळे काय होतं हे न बघणं हीच तर अविद्या.

विडी घरकुलच्या ताईंना उत्तर द्यायचं राहिलं. कोसंबीच्या घोसितारामात उण्णाभ नावाच्या ब्राह्मणानं आनंदांना तुमचाच प्रश्न विचारला होता. इच्छेनं इच्छा कशी सुटणार, याला तर अंतच नाही. आनंदांनी उलट विचारलं, इथे यायच्या आधी तुम्हाला या विहारात यायची इच्छा होती ना? पोचल्यावर ती शांत झाली ना? मुलगी नर्स होईल त्या दिवशी तुमची ही इच्छा पुरी होऊन थांबणार आहे. तृष्णा मिळाल्यावर थांबत नाही, ती वाटा ठरवायला लागते. मुलीचा पहिला पगार आल्यावर 'मी पाठ मोडून शिकवलं, आता तिनं माझंच ऐकायचं' असं मनात येऊ लागलं, तर तिथे सावध व्हा. शिकवायचं मुळीच सोडू नका.

विडी घरकुल
पगाराचं तुम्ही बोललात ते लागलं सर. माझ्या सासूनं नवऱ्याला तसंच धरून ठेवलं होतं. पण खराब म्हणून काढलेल्या विड्यांचं काय? त्या तो फेकत नाही, नेतो. मग पैसे का नाहीत?

बुधवार पेठ
ताई, एकटीनं विचारू नका. तुमच्या गल्लीतल्या सगळ्याजणींनी रोज किती विड्या काढल्या ते एका वहीत लिहायला घ्या. महिन्याभरानं वही घेऊन भेटा, मी बरोबर येतो.

अक्कलकोट रोड
सगळ्यांचे आभार. एक अडतंय. मी फंडाची तक्रार करू म्हटलं तर वडील म्हणतात, जाऊ दे, आता मला काही नको. जुळे सोलापूरचे दादा म्हणतील ही समता. मला तसं वाटत नाही, पण तृष्णा नाही असंही दिसतंय.

जुळे सोलापूर
समताच आहे. त्यांना त्रास होत नसेल तर तुम्ही का उकरून काढताय?

होटगी रोड
ना सुख ना दुःख अशी जी वेदना असते, तिच्याखाली अविद्या दडून राहते, असं त्याच दोन बाणांच्या सुत्तात आहे. म्हणून बाहेरून सांगता येणार नाही. वडिलांना एवढंच विचारा, हे पैसे तुमचे होते हे तुम्हाला माहीत आहे का? माहीत असून 'नको' म्हणाले तर तो त्यांचा निर्णय. 'मालकानं इतकी वर्षं काम दिलं हेच उपकार' असं म्हणाले, तर अजून काही सुटलेलं नाही.

अक्कलकोट रोड
उपकार हाच शब्द ते नेहमी वापरतात. आज रात्री जेवताना विचारतो. बुधवार पेठचे दादा, त्यांच्याकडे जुनी हजेरी कार्डं आहेत, पत्र्याच्या पेटीत. ती चालतील का?

बुधवार पेठ
आधी सगळी कार्डं तारखेनं लावा आणि झेरॉक्स काढा. मूळ कार्ड कुणाच्याही हातात देऊ नका, माझ्यासुद्धा.