कमिटीची मीटिंग: पोल टाकायचा की सरळ वार ठरवून मोकळं व्हायचं?

सेक्रेटरी_नाइलाजाने
आमची सोसायटी मध्यम आकाराची, कमिटीत ११ जण, कोरम ६. ऑगस्टमध्ये हिशोब मंजूर करून घ्यायची मीटिंग लावायचीये कारण ३० सप्टेंबरच्या आत एजीएम उरकायची असते. ग्रुपवर विचारलं की सगळे "कधीही चालेल" म्हणतात आणि तारीख टाकली की चौघांना अचानक लग्न असतं. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पोल टाकला, तर मंगळवार रात्री ९ ला ८ मतं पडली, शनिवारी संध्याकाळी ६ ला ७, आणि रविवारी सकाळी साडेदहाला ६. मंगळवार फिक्स करू ना? की हे पोलचं प्रकरणच बंद करून सरळ एक वार ठरवून टाकू?

कट्ट्यावरचा_अण्णा
पोल बंद करा राव. दर महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी साडेदहा, क्लबहाऊस. विषय संपला. येणारा येतो, न येणारा पोल टाकूनही येत नाही. आमच्याकडे आधी सेक्रेटरी विचारत बसायचा, विचारण्यातच महिना जायचा. आता माणसं रविवारचं बाकीचं काम मीटिंग धरून लावतात.

हिशोबनीस_ताई
मंगळवार फिक्स करायच्या आधी एक बघा, त्या ८ जणांत खजिनदार आहे का? विषय हिशोबाचा आहे. खजिनदार नसेल तर ८ काय नि १० काय, बिलं कोण दाखवणार, ऑडिटरने काढलेल्या मुद्द्यांना उत्तर कोण देणार, शेवटी "पुढच्या मीटिंगला बघू" होणार. डोकी मोजायच्या आधी ज्यांच्याशिवाय बसून उपयोग नाही त्यांची नावं काढायची, तुमच्या बाबतीत सेक्रेटरी, खजिनदार, चेअरमन. या तिघांना आधी फोन करायचा, त्यांचे जुळणारे तीन-चारच स्लॉट काढायचे आणि तेवढेच पोलमध्ये टाकायचे. बाकी आठांचं मत त्यानंतर.

सेक्रेटरी_नाइलाजाने
ताई, खजिनदार फक्त रविवारी मोकळे आहेत 😐 मी आणि चेअरमन तिन्ही दिवशी चालतो.

हिशोबनीस_ताई
मग मंगळवार आणि शनिवार पोलमध्ये यायलाच नको होते. आता उरला रविवार, ६ मतं, म्हणजे कोरम अगदी काठावर, एकाला जरी ताप आला तरी सभा तहकूब. पण तुमच्या पोलमध्ये "हो" किंवा काहीच नाही एवढंच होतं. डूडलसारख्या मीटिंगची वेळ ठरवायच्या साइटवर मधला पर्याय असतो, अगदीच गरज असेल तर जमवतो असा. मत न देणाऱ्या पाचांत असे एकदोन नक्की निघतील, ज्यांना रविवार नकोसा आहे पण अशक्य नाही. त्या पाचांना एकेकट्याला फोन करा, ग्रुपवर नको. दोघं जरी हो म्हणाले तरी ८ होतात आणि मग एक गळला तरी फरक पडत नाही.

पाऊसपाणी७
आमच्या भिशीचंही हेच होतं हो! पोल टाकला की सगळ्याजणी बघतात, निळ्या टिका येतात आणि मत कुणीच देत नाही. शेवटी जिच्या घरी भिशी ती सांगेल ती तारीख असं केलं. आता भांडण तारखेचं नसतं, मेनूचं असतं 😄

डेटावाला_पक्या
@पाऊसपाणी७ त्यावर साधा उपाय आहे, पोलमध्ये शेवटचा ऑप्शन "यातलं एकही जमत नाही" असा टाकायचा. नाहीतर गप्प बसलेला माणूस नाही म्हणतोय की त्याने मेसेज उघडलाच नाही हे कळायला मार्गच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर १२ ऑप्शन चालतात म्हणून बाराही भरू नका, लोक वरचे तीन वाचतात आणि बोट उचलतात. आणि एकापेक्षा जास्त उत्तरं द्यायची सेटिंग चालू आहे ना ते तपासा, ती बंद असली तर माणूस आवडता एकच स्लॉट निवडणार आणि तुम्हाला वाटणार बाकीचे त्याला जमत नाहीत.
बाकी व्हॉट्सअ‍ॅपच पुरे. डूडल फिडूल कशाला, सत्तरीचे काका लिंक उघडत नाहीत.

हिशोबनीस_ताई
काकांचं बरोबर आहे, पण व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी काय दिलं ते सगळ्यांना दिसतं, त्याचा परिणाम होतो. डूडलच्या पोलवर अमेरिकेत काही संशोधकांनी अभ्यास केला होता, २०१५ चा आहे. बाकीच्यांची मतं दिसत असली की लोक आधीच गर्दी असलेल्या स्लॉटला हो म्हणतात, आणि कुणालाच नको असलेल्या स्लॉटलाही हो म्हणतात. दुसऱ्याचं कारण गमतीचं आहे. तो स्लॉट लागणार नाही हे दिसत असतं, मग हो म्हणून आपण किती जुळवून घेणारे ते दाखवायला काय जातंय! तुमच्या मंगळवारच्या ८ मधले किती असे, देव जाणे.

सनदी_साहेब
मुळात मीटिंगच्या ठरावावर असं व्हॉट्सअ‍ॅपवर मतदान घेणं कायदेशीर आहे का? उद्या कोणी रजिस्ट्रारकडे गेलं तर?

सेक्रेटरी_नाइलाजाने
साहेब, ठरावावर नाही, मीटिंग कधी घ्यायची त्यावर पोल आहे. लेखी नोटीस नेहमीसारखी वेगळी निघणारच आहे.

कट्ट्यावरचा_अण्णा
बघा, एका हिशोबाच्या मीटिंगसाठी तीन फोन, मग पोल, मग पाच फोन. फिक्स रविवार असता तर खजिनदार आपोआप आला असता.

रात्रपाळी_सिस्टर
अण्णा, मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहे, हॉस्पिटलात रोटेशन ड्युटी असते. दुसरा रविवार ठरला तेव्हा मला कुणी विचारलं नाही आणि माझा रविवार बऱ्याचदा ड्युटीतच जातो. मग वर्षअखेरीस "मॅडम मीटिंगला नसतात" असं ऐकायचं. फिक्स वारात दर वेळी तोच माणूस बाहेर राहतो, पोलमध्ये निदान बदलता तरी राहतो. फक्त एक करा, ड्युटी चार्ट लागल्यावर पोल टाका, आधी नाही. मी आज हो म्हटलं आणि तुम्ही दहा दिवसांनी तारीख जाहीर केली तर तो दिवस माझ्याकडे उरलेला नसतो.

डेटावाला_पक्या
हे खरंय. पोलला मुदत दोन दिवस, आणि मुदत संपली त्याच संध्याकाळी तारीख जाहीर.

सातासमुद्रापार
तुमचं सुख आहे, सगळे एका बिल्डिंगमध्ये! आमच्या दिवाळी अंकाच्या समितीत पुणे, लंडन आणि न्यू जर्सी. पुण्यात रात्री साडेआठ म्हणजे हिवाळ्यात लंडनला दुपारी ३ आणि न्यू जर्सीला सकाळी १०. २०२६ मध्ये अमेरिकेची घड्याळं ८ मार्चला पुढे गेली, लंडनची २९ मार्चला. मधले तीन आठवडे न्यू जर्सीला ११ वाजलेले आणि लंडनला ३ च. फेब्रुवारीत पोल घेऊन मार्चच्या मीटिंगचा मेसेज टाकला की कोणीतरी तासभर चुकतंच. व्हॉट्सअ‍ॅपचा पोल म्हणजे नुसता मजकूर, तो वेळ बदलून दाखवत नाही, म्हणून आम्ही तिन्ही गावांच्या वेळा एकाच ऑप्शनमध्ये लिहितो. म्हणजे पक्या, तुझं "व्हॉट्सअ‍ॅप पुरे" हे एका गावापुरतं.

कट्ट्यावरचा_अण्णा
सिस्टरांचा मुद्दा मान्य, पण रोजच्या कामाच्या मीटिंगा तरी फिक्स ठेवा. दर वेळी पोल म्हणजे ज्याची डायरी सगळ्यात भरलेली त्याच्या हातात चावी.

रात्रपाळी_सिस्टर
आणि फिक्स म्हणजे ज्याचा रविवार मोकळा त्याच्या हातात.

सेक्रेटरी_नाइलाजाने
पाचपैकी तिघांना फोन झाला. एक जण साडेदहाऐवजी ११ ला येतो म्हणाला, एक नक्की, तिसऱ्याने अजून उचलला नाही. रविवार ११ करू का? पण आता खजिनदारांना साडेबाराला निघायचंय आणि हिशोबाला दीड तास पुरेल असं मला वाटत नाही.

हिशोबनीस_ताई
साडेदहालाच ठेवा, हिशोब पहिला विषय घ्या. आधीच्या सहांमुळे कोरम होतोच, ११ वाला आला की पार्किंगच्या विषयापासून बसेल.