Frame Depth ला ‘चौकटीची खोली’ म्हणायचं की आणि काय?

टिळकवाडी_ड्राफ्टर: रेव्हिटमध्ये दाराची फॅमिली करतोय. रुंदी, उंची बदलली की दार बदलायला हवं, आणि चौकट भिंतीत किती आत जाते तेही बदलता यायला हवं. सुताराला द्यायच्या कागदावर मराठीत ‘चौकटीची खोली १००’ असं लिहिलं. त्यानं विचारलं, "साहेब, खोली कुठली? बेडरूम की देवघर?" आता Frame Depth ला काय लिहू?

निपाणीचा_पाटील: जाडी लिही की. सोपं आहे.

खानापूर_वास्तुकार: पाटील, अर्धं बरोबर. सुतार ‘जाडी’ म्हणेल, पण दाराच्या टेम्प्लेटमध्ये Thickness आधीच आहे आणि ती झडपेची आहे, समजा ३५. तुम्ही चौकटीलाही जाडी म्हणालात तर कागदावर दोन जाड्या होणार. गोंधळ इतकाच नाही. टेम्प्लेटमधली Frame Width आपल्या चौकटीची नव्हेच. भिंतीच्या तोंडावर भोकाभोवती जी पट्टी बसवतात, तिची ती रुंदी. आपल्याकडे बऱ्याच घरांत ती पट्टी नसतेच. म्हणून मी आधी तिची दोन्ही बाजूंची आकृती काढून टाकतो आणि मग भोकाच्या आत चौकट काढतो.

शहापूरची_ताई: आमच्या घरी इंजिनिअरनं तीन फुटी दार म्हणून सांगितलं आणि फ्रिज आत गेला नाही! दार काढून ठेवून शेवटी आडवा करून नेला. मग रुंदी कशाची धरायची हो?

खानापूर_वास्तुकार: ताई, प्रश्न खोलीचा होता, पण तुमचा फ्रिज कामाचा निघाला. रेव्हिटची Width म्हणजे भिंतीतलं भोक. सुतार ‘चार बाय अडीच’ची चौकट म्हणतो तेव्हा चार इंच भिंतीच्या आत जातात आणि अडीच इंच समोरून दिसतात. म्हणजे १०० आणि ६५ मिमी. भोक ९०० असेल तर दोन्ही बाजूंचे ६५ वजा होऊन मोकळी वाट ७७० उरते. झडप मात्र खाचेत बसते, म्हणून ती थोडी मोठी. समोरच्या ६५ ला Frame Face आणि खाचेला Rebate अशी आपली पॅरामीटर केली आणि खाच १५ धरली तर:

```
Shutter Width = Width - 2 * Frame Face + 2 * Rebate
```

९०० − १३० + ३० = ८००. यातली सांध्याची मोकळीक सुतार आपली आपण काढतो. सूत्रात पॅरामीटरचं नाव मात्र अक्षरशः तेच हवं, लहान-मोठ्या अक्षराचाही फरक चालत नाही.

टिळकवाडी_ड्राफ्टर: काका, माझी अडचण तिथंच आहे. Frame Depth ला १०० दिले की "Constraints are not satisfied" येतं.

खानापूर_वास्तुकार: चौकटीच्या दोन्ही बाजू भिंतीच्या दोन्ही तोंडांना लॉक केल्यास काय? मग भिंत सांगते २००, तू सांगतोस १००. दोघांचं भांडण. एकच बाजू बांध. प्लॅनमध्ये दोन रेफरन्स प्लेन काढ. आतलं प्लेन भिंतीच्या आतल्या तोंडाला अलाइन करून लॉक कर. बाहेरचं मोकळं ठेव, दोघांत अलाइन्ड डायमेन्शन दे आणि त्याला Frame Depth चं लेबल लाव. मग एक्स्टेरियर एलिव्हेशनमध्ये उलट्या ‘U’ सारखी चौकट काढ, एक्सट्रूजन कर, आणि प्लॅनमध्ये येऊन तिची पुढची-मागची बाजू त्या दोन प्लेनना लॉक कर. भिंतीला नको, प्लेनना!

तपासायचं असं: फॅमिलीतल्या भिंतीचा प्रकार बदल, ११५ कर, मग २३० कर. आतल्या बाजूला चौकट सपाट राहिली आणि १०० चे १०० च राहिले तर जमलं. पण ११५ च्या भिंतीत १२५ ची चौकट दिलीस तर ती मुकाट्यानं बाहेर डोकावेल, कुठलीही सूचना येणार नाही. थ्रीडीत फिरवून बघ.

निपाणीचा_पाटील: आमच्या जुन्या वाड्याची भिंत दीड फुटाची. तिथं १०० ची चौकट म्हणजे दिसणारच नाही!

खानापूर_वास्तुकार: दिसेल, पण मागं उघडी भिंत राहील. तिथं ती कुठल्या तोंडाला लावायची हे आधी ठरवावं लागतं. म्हणूनच मी खोली ‘टाइप’ ठेवतो, ‘इन्स्टन्स’ नाही. नाहीतर शिकाऊ मुलं प्रत्येक दाराला वेगळा आकडा देतात.

टिळकवाडी_ड्राफ्टर: जमलं काका, सकाळचं पोर दुपारी झोपावं तसं शांत झालं. पण शब्द?

कन्नड_मराठी_दोन्ही: आमच्याकडचे सुतार कन्नडमध्ये ‘दप्प’ म्हणतात, म्हणजे जाडीच. ‘आळ’ म्हटलं तर विहिरीची वाटते. चौकटीला मात्र ‘चौकट्टु’, तिथं आपलं जुळतं.

खानापूर_वास्तुकार: मी कागदावर ‘चौकट भिंतीत: १००’ आणि ‘चौकट समोरून: ६५’ असं लिहितो. नाव नाही, वाक्य झालं ते, पण उलटी चौकट अजून आलेली नाही.

शहापूरची_ताई: आणि मोकळी वाट किती तेही लिहा, म्हणजे फ्रिज आणायच्या आधी कळेल.