हिशेब मंजूर, ऑडिटर मंजूर: एजीएममधलं मतदान म्हणजे नुसतं नाटक?

बोरिवलीचा_गुंतवणूकदार:
काल एका लिस्टेड कंपनीच्या एजीएमची, म्हणजे वार्षिक सभेची नोटीस आली. पहिला विषय ताळेबंद मंजूर करणे, चौथा ऑडिटर नेमणे. हे ठराव कधी पडलेले कुणी पाहिलेत? प्रमोटर, म्हणजे कंपनीचे मूळ मालक, म्हणतील तेच होतं. मी आजवर एकदाही मत दिलेलं नाही, देणारही नाही. ज्यांना टाळ्या पिटायच्या आहेत त्यांनी पिटाव्यात.

लेजरवाली:
दोन्ही ठराव एकाच मोळीत बांधलेत, म्हणून लिहायला बसले.

ताळेबंदाबद्दल तुम्ही बरंचसं बरोबर बोलताय. तो सभेपुढे येतो तेव्हा संचालक मंडळाने मंजूर करून सह्या केलेल्या असतात आणि ऑडिटरचा अहवालही जोडलेला असतो. भागधारकाला त्यातला एक रुपया इकडचा तिकडे करता येत नाही. समजा ठराव पडला, तरी तो नामंजूर हिशेबच तीस दिवसांत सरकारच्या कंपनी रजिस्ट्रारकडे भरावा लागतो आणि रजिस्ट्रार तो तात्पुरता म्हणून ठेवून घेतो. कंपनी बंद पडत नाही की कुणी तुरुंगात जात नाही. सत्यम या आयटी कंपनीचे हिशेब वर्षानुवर्षं सभेत मंजूर झालेच होते ना? मग 7 जानेवारी 2009 ला तिचे अध्यक्ष राजूंनी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं की रोख आणि बँकेतली 5,040 कोटींची शिल्लक मुळात नव्हतीच.

ऑडिटरच्या ठरावाचं गणित वेगळं. समजा कंपनीचे 10 कोटी शेअर आहेत आणि त्यातले साडेपाच कोटी प्रमोटरकडे. नेमणूक साधारण ठरावाने होते, म्हणजे पडलेल्या मतांत निम्म्याहून जास्त हवीत. बाकी सगळे विरोधात गेले तरी प्रमोटर 55 टक्क्यांवर जिंकतो. इथपर्यंत तुमचं खरं. पण एकदा नेमला की तो पाच वर्षं बसतो. मध्येच काढायचा तर आधी केंद्र सरकारची परवानगी लागते आणि वर विशेष ठराव, म्हणजे विरोधाच्या तिप्पट मतं. साडेचार कोटी मतं विरोधात पडली तर प्रमोटरला साडेतेरा कोटी लागतील, आणि एकूण शेअरच दहा कोटी आहेत! म्हणजे प्रमोटर ऑडिटर आणू शकतो, हाकलू शकत नाही. आणि हा ठराव तुमच्यासमोर पाच वर्षांतून एकदाच येतो.

नाना_डोंबिवली:
ताई, एवढं लिहिलंत पण मुद्द्याचं राहिलं. पाच वर्षांची नेमणूक असली तरी दर एजीएमला अनुमोदन घ्यावं लागतं. म्हणजे दरवर्षी संधी असते. अर्धवट माहिती देऊ नका.

लेजरवाली:
नाना, ती अट 7 मे 2018 पासून गेली. तुमच्याकडे जुन्या नोटिसा असतील. आताच्या नोटिशीत पाच वर्षांच्या मध्ये हा विषय दिसणार नाही.

नाना_डोंबिवली:
बरं, गेली. तुम्ही जिंकलात, नारळ फोडा. पण ती काढून भागधारकाचं नुकसानच केलं की नाही? पूर्वी निदान वर्षातून एकदा नाव तरी डोळ्यांसमोर यायचं. याला सुधारणा म्हणायचं?

सोसायटी_त्रस्त:
आमच्याकडे ऑडिटर म्हणजे खजिनदाराच्या मेहुण्याचा मित्र. तीन वर्षं तोच. लिफ्टच्या दुरुस्तीची बिलं मागितली तर सभेत म्हणाले, "ऑडिट झालंय, आता काय?" हाच कायदा लावून त्याला काढता येईल का?

लेजरवाली:
नाही हो, हाउसिंग सोसायटीला सहकार कायदा लागतो. तिथे ऑडिटर शासनाच्या पॅनलवरचा असावा लागतो. आधी तेवढं तपासा. बिलांसाठी वेगळा धागा काढा, त्यात लिहीन.

जुना_भागधारक:
तुम्ही सगळे कायदा घोळवत बसा. खरी एजीएम 2020 ला ऑनलाइन गेली आणि मेली. पूर्वी आम्ही बिर्ला मातुश्री सभागृहाला सकाळी साडेनऊला रांगेत असायचो. माईक हातात आला की अध्यक्षाला प्रश्न ऐकावाच लागायचा. आता? स्पीकर म्हणून आधी नोंदणी करा, मग स्क्रीनवर नंबर लागला तर लागला, नाही तर "यू आर ऑन म्यूट". माझा गेल्या वर्षी नंबर आला आणि नेमका आवाज गेला.

ठाणेकर_बाई:
रांग माईकसाठी होती की पाकिटासाठी, खरं सांगा काका. वडा, चटणी, एक बर्फी. माझे सासरे दोन पाकिटं घरी आणायचे.

जुना_भागधारक:
हो, पाकीट घ्यायचो! त्यात लाज कसली? शेअर माझा, कंपनी माझी, बर्फीपण माझी. एका कंपनीने तर साबणांचा डबा दिला होता.

लेजरवाली:
तो डबा 1 जुलै 2015 पासून बंद झाला. सेक्रेटेरियल स्टँडर्डमध्ये स्पष्ट लिहिलंय, सभेत किंवा सभेच्या निमित्ताने भेटवस्तू, कूपन, रोख, काही नाही.

जुना_भागधारक:
म्हणजे आमची दहा रुपयांची बर्फी लाच, आणि प्रमोटरने घेतलेला पगार मात्र ठराव! वा रे नियम. ज्याने हा लिहिला त्याने एकदा तरी दादरहून लोकलने मरीन लाइन्सला यावं.

नाना_डोंबिवली:
काका, तुम्ही बर्फीवर घसरलात.

जुना_भागधारक:
मी घसरलो नाही, मला ढकललं! आणि दुसरं ऐका. रिमोट ई-व्होटिंग सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं. म्हणजे अध्यक्ष उत्तर द्यायच्या आधीच लोकांची मतं टाकून झालेली. मग प्रश्न विचारून उपयोग काय?

लेजरवाली:
हा मुद्दा बरोबर आहे. पण आधी मत दिलं नसेल तर सभेच्या वेळी देता येतं. प्रश्न विचारायचा असेल तर मत राखून ठेवा. शिवाय ऑडिटरने किंवा त्याच्या तितक्याच पात्र प्रतिनिधीने सभेला हजर राहायचं असतं, कंपनीने सूट दिली नसेल तर. त्यालाच विचारा, अध्यक्षाला कशाला?

मालाडचा_हेमंत:
लेजरवालीताई, तुमचं "हाकलू शकत नाही" हे कागदावर ठीक आहे. मी सहा वर्षं एका ऑडिट फर्ममध्ये घासलीत. हाकलायची गरजच पडत नाही. फी वाढवत नाहीत, कागद उशिरा देतात, शेवटच्या आठवड्यात येरझाऱ्या घालायला लावतात. मग फर्म स्वतःच राजीनामा देते. एप्रिल 2018 मध्ये वक्रांगीमधून प्राइस वॉटरहाउस गेली, मेमध्ये निकालाच्या काही दिवस आधी मनपसंद बेव्हरेजेसमधून डेलॉइट गेली. तेव्हा कुठल्या भागधारकाने विशेष ठराव केला होता?

लेजरवाली:
हे मान्य करावंच लागेल, राजीनामा हीच खरी फट आहे. पण तिला झडप आहे. मंडळ तीस दिवसांत नवा नेमतं, पण ती नेमणूक तीन महिन्यांत सर्वसाधारण सभेकडून मंजूर करून घ्यावी लागते आणि नवा पुढच्या एजीएमपर्यंतच राहतो. शिवाय ऑक्टोबर 2019 पासून सेबीने लिस्टेड कंपन्यांना लावलंय की जाणाऱ्याने निदान नुकत्याच संपलेल्या तिमाहीचा अहवाल देऊन जावं.

मालाडचा_हेमंत:
आणि तीन महिन्यांनी त्या मंजुरीला परत साधारण ठरावच. साडेपाच कोटी मतं. फिरून तिथेच.

बोरिवलीचा_गुंतवणूकदार:
म्हणजे मी म्हणत होतो तेच.

लेजरवाली:
तुम्ही "मत देणार नाही" म्हणालात, त्यावर माझं म्हणणं आहे. त्या चौथ्या विषयाखालचं स्पष्टीकरण वाचलंत का? लिस्टेड कंपनीला तिथे नव्या ऑडिटरची फी लिहावी लागते आणि ती जुन्यापेक्षा फार वेगळी असेल तर कारणही. जुन्याला 40 लाख आणि नव्याला 22 लाख असेल आणि कारणाच्या जागी नुसतं "परस्पर संमतीने" असेल, तर विरोधात मत टाका. ठराव पडणार नाही. पण निकालात संस्थात्मक आणि किरकोळ भागधारकांचे आकडे वेगवेगळे जाहीर होतात, आणि तुमचं मत दुसऱ्या रकान्यात दिसतं.

बोरिवलीचा_गुंतवणूकदार:
पाहिलं. फीच्या जागी लिहिलंय, "मंडळ व ऑडिटर यांच्यात ठरेल तशी." हे चालतं?

मालाडचा_हेमंत:
कंपनी कायद्याला चालतं. सभेने फी ठरवायची पद्धत मंडळावर सोपवली तरी पुरतं.

लेजरवाली:
सेबीच्या नियमाला नाही पुरत, आकडा हवा. नोटिशीवर कंपनी सेक्रेटरीचा ईमेल असेल, आजच विचारा. नाव काढून तो परिच्छेद इथे टाका, मी वाचते.

नाना_डोंबिवली:
मीही वाचतो. 2018 च्या आधीचा असेल तर मला विचारा.